पी-मूल्य ०.००२, पण वाढ एका गुणाची: असा निष्कर्ष वर्गात किती उपयोगाचा?

प्रश्न: मी पुण्यात शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करतेय. जिल्ह्यातल्या ६० शाळांतल्या पाचवीच्या २४०० मुलांवर टॅबलेटवरच्या गणित सरावाचा प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून ३० शाळा प्रायोगिक गटात, ३० नियंत्रित गटात. प्रत्येक शाळेतून ४० मुलं. परिपाठानंतर रोज २० मिनिटं, १२ आठवडे. पूर्वचाचणीत दोन्ही गट १६ वर होते. ४० गुणांच्या उत्तरचाचणीत प्रायोगिक गटाची सरासरी २१.३, नियंत्रित गटाची २०.३, प्रमाण विचलन दोन्हीकडे ८. टी-मूल्य ३.०६, पी ०.००२. मार्गदर्शक म्हणतात, ०.०१ स्तरावर सार्थक आलंय, शिफारस लिहून टाका. एका शाळेचे मुख्याध्यापक मात्र म्हणाले, "मॅडम, एका गुणासाठी एवढा खटाटोप?" कोणाचं ऐकू?

उत्तर:

मुख्याध्यापकांनी विचारलं ते तुमच्या प्रबंधात असायलाच हवं, आणि पी-मूल्यातून त्याचं उत्तर मिळत नाही. दोन्ही गटांत मुळात काहीच फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक किती वेळा दिसला असता, एवढंच पी-मूल्य सांगतं. फरक केवढा आहे, याबद्दल त्यात अवाक्षरही नाही. तो वेगळा काढावा लागतो आणि त्याला अर्धा मिनिट पुरतो: दोन सरासऱ्यांतला फरक भागिले प्रमाण विचलन. तुमच्याकडे १ भागिले ८, म्हणजे ०.१२५. हा तुमचा इफेक्ट साइज. प्रायोगिक गट नियंत्रित गटाच्या पुढे आहे तो एका प्रमाण विचलनाच्या आठव्या हिश्शाने.

मग ०.००२ एवढं लहान पी-मूल्य आलं कुठून? मुलांच्या संख्येतून. हाच एका गुणाचा फरक आणि हेच ८ चं विचलन ठेवून फक्त संख्या बदलून बघा. प्रत्येक गटात ३० मुलं असती तर टी-मूल्य ०.४८ आलं असतं आणि तुम्ही "शून्य परिकल्पनेचा त्याग करता येत नाही" असं लिहिलं असतं. ३०० मुलं असती तर १.५३, तरीही सार्थक नाही. १२०० ला ३.०६. आणि ५००० घेतली असती तर ६.२५, म्हणजे एसपीएसएसच्या जुन्या आवृत्त्यांत `Sig. (2-tailed)` रकान्यात नुसतं `.000` दिसलं असतं. चारही वेळा मुलांनी शिकलेलं गणित तेवढंच. नमुना पुरेसा मोठा असेल तर एक दशांश गुणाचा फरकही "सार्थक" ठरवता येतो.

आता ०.१२५ म्हणजे ४० मुलांच्या वर्गात नेमकं काय, ते पाहू. इफेक्ट साइजचा नुसता आकडा शिक्षकांच्या हाती दिला तर त्यांना काही बोध होत नाही, म्हणून तो वर्गाच्या भाषेत आणायचा. गुणांची विभागणी साधारण घंटाकृती आहे असं धरून तीन हिशेब करता येतात.

पहिला क्रमांकाचा. नियंत्रित वर्गात गुणानुक्रमे विसाव्या क्रमांकावर असणारं मूल या सरावामुळे अठराव्या क्रमांकावर जाईल. दुसरा जोडीचा. दोन्ही गटांतून डोळे मिटून एकेक मूल उचललं, तर १०० जोड्यांपैकी ५३ ते ५४ जोड्यांत प्रायोगिक गटातलं मूल पुढे असेल. सरावाचा काहीच परिणाम नसता तर हा आकडा ५० असता. तिसरा हिशेब मुख्याध्यापकांना सर्वांत जवळचा. ३५ टक्के, म्हणजे १४ गुण, ही रेघ धरली तर नियंत्रित गटातली सुमारे २१.५ टक्के मुलं तिच्या खाली राहतात आणि प्रायोगिक गटातली १८.१ टक्के. चाळीसच्या वर्गात साधारण साडेआठऐवजी सव्वासात. म्हणजे दर वर्गामागे एक किंवा फार तर दोन मुलं रेघ ओलांडतात.

हे वाचून मुख्याध्यापकांचं म्हणणं खरं ठरलं असं वाटेल. पण एवढ्यावर निकाल देऊ नका, कारण ०.१२५ लहान की मोठा हे तुलना कशाशी करता यावर ठरतं. आपल्याकडच्या बहुतेक प्रबंधांत कोहेन यांची मोजपट्टी चिकटवलेली असते: ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा. कोहेन यांनी ती वर्तनविज्ञानांसाठी ढोबळमानाने दिली होती आणि स्वतःच्या क्षेत्रातला चांगला आधार नसेल तेव्हाच वापरा, असं स्वतःच बजावलं होतं. दुसरी लोकप्रिय पट्टी म्हणजे जॉन हॅटी यांचा ०.४०, त्याच्या खालचं सगळं सोडून द्या, असा त्याचा अर्थ प्रशिक्षणांतून सर्रास सांगितला जातो. पण ती सरासरी ज्या अभ्यासांतून आली त्यात नियंत्रित गट नसलेले, संशोधकाने स्वतः बनवलेल्या चाचण्यांवर बेतलेले, अगदी थोड्या मुलांवरचे असे सगळ्या प्रकारचे अभ्यास एकत्र आहेत. त्यांचे आकडे मुळातच फुगलेले असतात.

तुमच्यासारख्या, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या प्रयोगाची तुलना तशाच प्रयोगांशी करायला हवी. मॅथ्यू क्राफ्ट यांनी २०२० मध्ये असे ७४७ प्रयोग एकत्र केले. त्यांतल्या १९४२ इफेक्ट साइजचा मध्यांक ०.१० निघाला, आणि तोही प्रमाणित चाचण्यांवर. त्यावरून त्यांनी सुचवलेली पट्टी अशी: ०.०५ पेक्षा कमी तो लहान, ०.०५ ते ०.२० मध्यम, ०.२० च्या वर मोठा. या पट्टीवर तुमचा ०.१२५ मधोमध बसतो. कोहेन यांच्या पट्टीवर तोच "लहान" या पहिल्या पायरीपर्यंतही पोचत नाही. प्रबंधात कोणती पट्टी घेतली आणि का, हे एका वाक्यात लिहा. नाहीतर परीक्षक त्यांच्या मनातली पट्टी लावतील.

इथे एक सापळा सांगून ठेवतो, कारण एम.एड.च्या लघुप्रबंधांत तो हमखास सापडतो. प्रायोगिक गटाची पूर्वचाचणी १६, उत्तरचाचणी २१.३, फरक ५.३, भागिले ८, झाला ०.६६, आणि "परिणाम मध्यम ते मोठा" असं लिहून मोकळे. पण नियंत्रित गटही याच १२ आठवड्यांत १६ वरून २०.३ वर गेला आहे. वर्गात नेहमीचं शिकवणं चालू होतं, मुलं वाढत होती, चाचणीचा नमुनाही एकदा पाहिलेला होता. त्या ५.३ पैकी ४.३ गुण टॅबलेटशिवायही मिळालेच असते. सरावाच्या नावावर जमा करता येतो तो फक्त १. काही जण याच्याही पुढे जाऊन छेदात गुणांचं विचलन न घेता गुणवाढीचं विचलन घेतात. पूर्व आणि उत्तरचाचणीचा सहसंबंध ०.८ असेल तर ते विचलन ८ ऐवजी ५ च्या आसपास येतं आणि तोच एक गुण ०.१२५ ऐवजी ०.२ दिसायला लागतो. छेदात काय घेतलं हे सांगितल्याशिवाय इफेक्ट साइजचा आकडा वाचूच नये.

आता तुमच्या मार्गदर्शकांना न आवडणारा भाग. तुमचं ०.००२ हे पी-मूल्यसुद्धा बरोबर नाही. टी-परीक्षिकेने २४०० मुलं एकमेकांपासून स्वतंत्र धरली. तुम्ही चिठ्ठ्या मुलांच्या नव्हे, शाळांच्या टाकल्या. एका शाळेतल्या ४० मुलांना तेच शिक्षक, तोच परिसर आणि शिक्षकांची पदं रिक्त राहिली तर तोच तोटा, त्यामुळे त्यांचे गुण एकमेकांसारखे असतात. त्या चाळिसांकडून मिळणारी माहिती चाळीस सुट्या मुलांइतकी नसते. हे सारखेपण मोजणारा आकडा म्हणजे अंतर्वर्ग सहसंबंध. तो तुमच्या विदेतून काढा, उदाहरणासाठी ०.२ धरू. प्रत्येक शाळेत ४० मुलं असताना विचरण किती पट वाढतं? १ + (४० − १) × ०.२ = ८.८ पट. प्रमाण त्रुटी त्याच्या वर्गमूळाइतकी, म्हणजे जवळजवळ तिप्पट होते. ०.३३ ची ०.९७ झाली की टी-मूल्य ३.०६ वरून १.०३ वर येतं. सार्थकता गेली.

घाबरून जाऊ नका, तुमच्याकडे पूर्वचाचणी आहे आणि तीच इथे कामाला येते. शाळाशाळांतला बराचसा फरक आधीपासूनचा असतो. पूर्वचाचणी हिशेबात घेतली की तो बाजूला होतो आणि प्रमाण त्रुटी खाली येते. समजा ती ०.९७ वरून ०.५२ वर आली, तर टी-मूल्य १.९ च्या आसपास येईल आणि ९५ टक्के विश्वास अंतराल साधारण शून्य ते दोन गुण असा निघेल. म्हणजे तुमच्या प्रयोगावरून प्रामाणिकपणे म्हणता येईल ते एवढंच, की खरी वाढ जवळजवळ शून्यही असू शकते आणि दोन गुणही. इफेक्ट साइजमध्ये शून्य ते ०.२५. क्राफ्ट यांच्या पट्टीचा पूर्ण पल्ला यात आला! तुमचे खरे आकडे वेगळे येतील, पण "०.०१ स्तरावर सार्थक" हे वाक्य या हिशेबानंतर टिकण्याची शक्यता कमीच आहे.

आर वापरत असाल तर काम चार ओळींचं आहे:

```r
library(lme4)
m <- lmer(post ~ gat + pre + (1 | shala), data = vida)
summary(m)
confint(m)
```

`gat` मध्ये प्रायोगिक १ आणि नियंत्रित ०. `shala` मध्ये शाळेचा क्रमांक. `gat` समोरचा आकडा म्हणजे गुणांतला फरक, आणि `confint` त्याचा अंतराल देतं. आर येत नसेल तर एक्सेलमध्येही भागतं: प्रत्येक शाळेची सरासरी गुणवाढ काढा आणि त्या ३० विरुद्ध ३० आकड्यांवर टी-परीक्षिका लावा. सगळ्या शाळांतून सारखीच मुलं घेतलेली असल्याने तुमच्या बाबतीत हे चालतं. २४०० ओळींच्या जागी ६० ओळी बघून मार्गदर्शकांना धक्का बसेल, पण चिठ्ठ्या ६० च टाकल्या होत्या.

यानंतरचा प्रश्न चाचणीचा, आणि माझ्या मते तो पी-मूल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. उत्तरचाचणी कोणी बनवली? तुम्ही स्वतः, टॅबलेटवरचे घटक समोर ठेवून बनवली असेल, तर तो एक गुण काय मोजतो हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. च्युंग आणि स्लाव्हिन यांनी २०१६ मध्ये दाखवलं की संशोधकाने स्वतः बनवलेल्या चाचणीवर इफेक्ट साइज स्वतंत्र चाचणीच्या सुमारे दुप्पट येतो. यात लबाडी असतेच असं नाही. प्रायोगिक गटाने ज्या रूपातली उदाहरणं महिनोन्‌महिने सोडवली त्याच रूपात प्रश्न आले, एवढंच.

ओळखायचं कसं? प्रश्ननिहाय तक्ता करा. ४० प्रश्न असतील तर ४० ओळी, आणि प्रत्येकासमोर दोन्ही गटांत बरोबर उत्तर देणाऱ्यांची टक्केवारी. खरोखर गणित सुधारलं असेल तर फरक बऱ्याच प्रश्नांवर थोडाथोडा पसरलेला दिसतो. ४० प्रश्नांत मिळून एक गुण म्हणजे प्रत्येक प्रश्नावर सरासरी अडीच टक्के. पण समजा ३८ प्रश्नांवर दोन्ही गट जवळपास सारखे निघाले, आणि पट्टीचे समान भाग रंगवून अपूर्णांक ओळखायच्या दोन प्रश्नांवर ४५ टक्क्यांची ८५ टक्के झाली. त्या दोन प्रश्नांनीच ०.८ गुण दिले! मुलांना टॅबलेटच्या पडद्यावरची पट्टी ओळखता येऊ लागली, एवढाच त्याचा अर्थ. त्याच अपूर्णांकांच्या शाब्दिक उदाहरणात, म्हणजे "पाव किलोचे किती पुडे होतील" अशा प्रश्नात, फरक दिसत नसेल तर शिफारस लिहू नका. शक्य असेल तर शाळेत एरवी होणाऱ्या संकलित चाचणीचे गणिताचे गुणही मिळवा. ती चाचणी तुमच्या प्रयोगाला ओळखत नाही, म्हणून तिचा शब्द जास्त वजनदार.

उरला खटाटोप, म्हणजे किंमत. रोज २० मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस, १२ आठवडे: १४४० मिनिटं, म्हणजे ४० मिनिटांच्या ३६ तासिका. परिपाठानंतर ही वेळ आली ती कुठून? नियंत्रित शाळांत त्या २० मिनिटांत भाषेचा किंवा चित्रकलेचा तास चालू असेल, तर तुमच्या प्रयोगाने टॅबलेटचा परिणाम मोजलाच नाही. "गणिताला जादा २० मिनिटं" याचा मोजला. साध्या फळ्यावर रोज २० मिनिटं पाढे आणि उदाहरणं घेतली असती तरी कदाचित तेवढाच गुण आला असता. प्रबंधाच्या मर्यादांमध्ये हे स्पष्ट लिहा, परीक्षक सर्वांत आधी तेच विचारतील. टॅबलेटच्या लॉगमधून प्रत्यक्ष वापराची मिनिटंही काढा. चार्जिंग नाही, वीज नाही, लॉगिन होत नाही, यात २० ची ११ झालेली असू शकतात. मात्र कमी वापर झालेल्या शाळा विश्लेषणातून वगळायच्या नाहीत. उद्या सगळ्या जिल्ह्यात योजना गेली तर तिथेही वीज जाणारच आहे.

पैशाचा हिशेब असा मांडा. समजा टॅबलेट, दुरुस्ती आणि परवाना धरून प्रति मूल वर्षाला ६०० रुपये पडतात. चाळीसच्या वर्गाला २४ हजार. रेघ ओलांडणारी मुलं साधारण १.४, म्हणजे एका मुलामागे सतरा हजार. हाच आकडा दुसऱ्या उपायांच्या शेजारी ठेवला की बोलता येतं. तुलनेला आपल्या जवळचंच उदाहरण आहे: मुंबई आणि वडोदऱ्यात झालेला 'प्रथम' संस्थेचा बालसखी उपक्रम, ज्याचा अभ्यास बॅनर्जी, कोल, डफ्लो आणि लिंडन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. वस्तीतलीच शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या १५-२० मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसायची. पहिल्या वर्षी इफेक्ट साइज ०.१४, जवळपास तुमच्याएवढाच. दुसऱ्या वर्षी ०.२८. तरीही त्या ०.१४ कडे गांभीर्याने पाहिलं गेलं, कारण बालसखीचं मानधन महिन्याला ५०० ते ७५० रुपये होतं आणि फायदा सर्वांत जास्त तळातल्या मुलांना झाला होता. उपक्रम संपून वर्ष झाल्यावर मोजलं तेव्हा वाढ ०.१ च्या आसपास उतरली होती, हेही त्याच अभ्यासात नोंदलेलं आहे.

तुमच्या विदेतही तळाचा एक तृतीयांश भाग पूर्वचाचणीवरून वेगळा काढून बघा. तो एक गुण सगळ्यांना एकेक मिळाला, की तळाच्या मुलांना तीन आणि बाकीच्यांना शून्य, यावर शिफारस पूर्ण बदलते. हुशार मुलांनाच सगळा मिळाला असेल तर सराव चालू ठेवण्याचं कारण उरत नाही. पण एवढी एकच विभागणी करा. मुलं-मुली, शहर-ग्रामीण, मराठी-सेमी असे दहा तुकडे पाडले तर त्यातला एखादा योगायोगाने "सार्थक" निघण्याची बरीच शक्यता असते, आणि मग तोच निष्कर्ष म्हणून मिरवायचा मोह होतो.

मार्गदर्शकांपुढे न्यायला निष्कर्षाचा मसुदा असा ठेवा. आकडे तुमच्या विश्लेषणातून भरा:

"पूर्वचाचणी आणि शाळानिहाय गटबद्धता विचारात घेतल्यावर प्रायोगिक गटाची सरासरी नियंत्रित गटापेक्षा ४० पैकी १.० गुणाने जास्त आढळली (९५ टक्के विश्वास अंतराल ० ते २.० गुण, इफेक्ट साइज ०.१२५, छेदात दोन्ही गटांचे एकत्रित प्रमाण विचलन). १४ गुणांच्या खाली राहणाऱ्या मुलांचे प्रमाण अंदाजे २१.५ वरून १८.१ टक्क्यांवर आले. चाचणी संशोधकाने तयार केलेली आहे. प्रायोगिक गटाला गणितासाठी २४ तास जादा मिळाले. त्यामुळे जादा वेळ आणि टॅबलेट यांचे परिणाम या प्रयोगातून वेगळे करता येत नाहीत."

"सार्थक" शब्द यात कुठेच नाही, यावर मार्गदर्शक बोट ठेवतील. विद्यापीठाच्या आराखड्यात परिकल्पना परीक्षण लागतंच, त्यामुळे दुरुस्त केलेलं टी आणि पी-मूल्य तक्त्यात द्या. शिफारशींच्या प्रकरणात मात्र "सर्व शाळांत लागू करावे" असं लिहू नका. त्याऐवजी पुढच्या वर्षी निम्म्या शाळांत टॅबलेट आणि निम्म्या शाळांत तेवढीच २० मिनिटं फळा-वही, अशी तुलना सुचवा, आणि सहावीच्या सुरुवातीला याच २४०० मुलांची पुन्हा चाचणी घेण्याची परवानगी आत्ताच मागून ठेवा. पाचवीपर्यंतच्या शाळांतली मुलं जूनमध्ये दुसऱ्या शाळांत पांगतील आणि नंतर ती सापडणार नाहीत.